दहा कुठल्या बोटावर पडला, ते बघा

*ताई, माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. एक ते दहा घडाघडा म्हणतो, पण बोटांवर मोजायला लावलं की कधी बोटं उरतात, कधी आकडे उरतात. आजोबा करंगळीपासून पेरांवर मोजायला शिकवतात, पाळणाघरात अंगठ्यापासून ‘वन टू थ्री’ चालतं. मोबाइलवरची गाणी इतकी भरभर असतात की त्याची बोटं मागेच राहतात. हातवारे करत म्हणता येईल असं एखादं छोटं गाणं द्याल का? आणि सुरुवात नेमकी कुठल्या बोटापासून करायची?*
*– एक आई, चिंचवड*

आधी गाणंच देते. हे मी बालवाडीतल्या मुलांसाठी रचलेलं आहे. अर्थ विचारू नका, मुलं तो विचारत नाहीत.

हात टेकले पाटावर,
बोटं निघाली वाटेवर.
एक… दोन… तीन… चार… पाच…
पाच बोटांचा झाला नाच!
सहा… सात… आठ… नऊ… दहा…
दहा बोटांनी प्यायला चहा!
चहा संपला, घरी चला,
मुठीत बोटं, बंद किल्ला!

आता बसायचं कसं ते सांगते, कारण निम्मं काम बसण्यातच आहे. मुलाला मांडीवर घ्या किंवा अगदी शेजारी बसवा. समोर बसू नका. समोर बसलात की तुमचा डावा हात त्याच्या उजव्या बाजूला येतो आणि तुम्ही ज्या दिशेने मोजता ती त्याला उलटी दिसते. पुढ्यात पाट, स्टूल, जेवणाचं टेबल, काहीही चालेल, फक्त ते टणक हवं. गादीवर किंवा उशीवर बोटं रुततात आणि एकमेकांना चिकटून बसतात. दोन्ही तळवे खाली करून, बोटं जरा फाकवून, दोन्ही हात शेजारीशेजारी टेकवायचे. अंगठे मधे, करंगळ्या दोन टोकांना. आता पुढ्यात दहा बोटांची सरळ रांग दिसते. डाव्या हाताच्या करंगळीवर एक, मग उजवीकडे सरकत सरकत डाव्या अंगठ्यावर पाच, त्याला खेटून असलेल्या उजव्या अंगठ्यावर सहा आणि उजव्या करंगळीवर दहा.

म्हणजे करंगळीच्या बाबतीत आजोबा जिंकले, पण पेरांच्या बाबतीत नाही. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं मोजायची पद्धत मोठ्यांसाठी फार सोयीची आहे. जप करताना, दिवस मोजताना एका हातात काम होतं. पण तुमच्या मुलाला अजून ‘एक वस्तू, एक आकडा’ एवढंच पक्कं करायचं आहे, आणि पेरांवर एकाच बोटाला तीन आकडे मिळतात. शिवाय एक पेर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे त्या गुबगुबीत बोटांवर मला दिसत नाही तर त्याला कुठून दिसणार? आजोबांना सांगा, पेरं शाळेत जायला लागल्यावर.

अंगठ्यापासून मोजण्यात चूक काहीच नाही. मूठ मिटून एकेक बोट उघडायचं असेल तर अंगठा बरा, कारण तो एकटा सुटा निघतो. करंगळी एकटी मिटायला गेलं तर शेजारची अनामिकाही ओढली जाते. ती दोन बोटं मोठ्या माणसांचीही नीट वेगळी हलत नाहीत. पण दहापर्यंत जायचं असेल आणि दोन्ही हातांनी अंगठ्यापासून सुरुवात केली, तर पाचव्या आकड्याला डाव्या करंगळीशी पोचल्यावर सहासाठी उडी मारून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर जावं लागतं. लहान मुलं नेमकी या उडीत हरवतात. पसरलेल्या हातांच्या रांगेत उडीच नाही, आणि कुठलंही बोट वेगळं उचलायला किंवा मिटायला लागत नाही. म्हणून गाण्यासाठी मी ही रांग घेते.

पहिले काही दिवस त्याची बोटं रांगेत आणि मोजणारं बोट तुमचं. त्याला खेळ समजला की अदलाबदल करा: पाटावर हात तुमचे आणि मोजणारं बोट त्याचं. हा भाग टाळू नका. आपल्या हाताची दहा बोटं आपण स्वतःच बोट लावून मोजायची म्हटली तर मोजणारा हातच अर्ध्यात मोजला जाणारा हात होतो. पाचपर्यंत उजव्या हाताची तर्जनी डावीकडची बोटं मोजते, मग अचानक डाव्या हाताने उजवीकडची मोजायची. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला हे झेपत नाही, आणि आपण समजतो की त्याला आकडे येत नाहीत. तुमची बोटं त्याला मोठी, सुटी आणि एका जागी थांबलेली मिळतात.

आता हातवारे. पहिल्या दोन ओळींना पाटावर तळव्यांनी थाप. ‘नाच’ म्हटलं की फक्त डाव्या हाताची पाच बोटं नाचवायची. मुलं हमखास दोन्ही हात नाचवतात. उजव्या हातावर अलगद आपला हात ठेवा आणि परत करा, कारण पाच म्हणजे हा एवढा सगळा हात, हे त्याला तिथे दिसायला हवं. ‘चहा’ला दोन्ही हातांची ओंजळ करून जोरात भुरका मारायचा. भुरक्याशिवाय हे गाणं आमच्याकडे कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. ‘बंद किल्ला’ला दोन्ही मुठी गच्च.

आकड्यांच्या ओळींना मात्र ताल नाही. मोबाइलवरच्या गाण्यांत तुम्हाला जी भरभर वाटते ती नुसत्या वेगाची नाही. आपल्या बडबडगीतांच्या ओळीत साधारण चार ठोके असतात. ‘हात टेकले पाटावर’ म्हणून टाळ्या वाजवून बघा, चारच वाजतील. पण एक-दोन-तीन-चार-पाच हे आकडे पाच आहेत. पाच आकडे चार ठोक्यांत बसवायचे तर ‘एक-दोन’, ‘तीन-चार’ असे जोडीजोडीने एकेका ठोक्यात कोंबावे लागतात. मुलाचं बोट पडतं ठोक्यावर, कारण ते त्याच्या अंगात भिनलेलं असतं. मग दोन आकड्यांना एकच बोट मिळतं. त्याची बोटं मागे राहत नाहीत, ती गाण्याच्या तालाशी इमानदार असतात! म्हणून आमच्या गाण्यात आकडे आले की गाणं थांबतं. एक बोट टेकवायचं, एक आकडा म्हणायचा, बोट उचलायचं, मग पुढचं. पाच आकडे झाले की ‘पाच बोटांचा’पासून ताल परत सुरू. मुलांना ही थांबण्याची जागा कंटाळवाणी वाटेल अशी भीती वाटत असेल, तर तसं होत नाही. भुरका कधी येतो याची वाट बघत ती आणखी सावधपणे बोट टेकवतात.

तुमच्या पत्रातलं ‘कधी बोटं उरतात, कधी आकडे उरतात’ हे वाक्य मला फार उपयोगाचं वाटलं, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजून झालं की ‘चुकलास’ म्हणू नका आणि लगेच दुरुस्तही करू नका. ‘दहा’ हा शब्द कुठल्या बोटावर पडला एवढंच बघा. तीन-चार वेळा बघितलंत की चूक कुठे आहे ते आपोआप कळेल.

दहा दर वेळी वेगळ्याच बोटावर पडत असेल, कधी मधल्या बोटावर, कधी तर्जनीवर, तर तोंड पुढे पळतंय आणि हात मागे आहे. दहापर्यंतचे आकडे त्याला पाठ आहेत, त्यामुळे ते एका दमात निघून जातात. त्याला उपाय वर सांगितला तोच, आकड्यांची ओळ तालातून बाहेर काढणं. लगाम तुमच्याच हातात आहे: त्याचं बोट नीट टेकल्याशिवाय तुम्ही आकडा म्हणायचाच नाही. तो एकटा पुढे गेला तर जाऊ द्या, तुम्ही मागून तुमच्या चालीने या. दोन-तीन दिवसांत तो थांबून तुमची वाट बघायला लागतो.

दहा दर वेळी उजव्या अनामिकेवर पडत असेल आणि शेवटची करंगळी बिनआकड्याची राहत असेल, तर मधे अंगठ्यांपाशी बघा. बहुधा एकाच अंगठ्यावर पाचही म्हटलं जातंय आणि सहाही. पाच बोटांच्या नाचानंतर बोट परत त्याच जागी उतरतं, म्हणून हे होतं. नाच झाला की दुसरा अंगठा तुम्हीच थोडा हलवा, जणू तो म्हणतोय, ‘आता मी.’ एवढं पुरतं.

तिसरी चूक मला सगळ्यात गमतीची वाटते आणि ती ओळखणारे फार थोडे भेटतात. बोटं नऊवरच संपतात आणि दहाला जागाच उरत नाही. माझ्या वर्गात तीन वर्षांची एक मुलगी होती, एक ते पाच अगदी बिनचूक मोजायची. पुढे मी तिचं बोट बारकाईने बघत बसले. उजव्या अंगठ्यावर ‘स’, तर्जनीवर ‘हा’. मधल्या बोटावर सात, अनामिकेवर आठ. करंगळीवर ‘न’, आणि ‘ऊ’ पाटावर. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दहा माझ्या बांगडीवर ठेवला.

ती चुकत नव्हती, उच्चाराच्या तुकड्यागणिक एकेक बोट देत होती. एक ते पाच हे सगळे आकडे तोंडातून एका झटक्यात निघतात, म्हणून तोवर हिशोब जुळतो. सहा, नऊ आणि दहा या तिघांचे मात्र दोन-दोन तुकडे पडतात. इंग्रजीत दहापर्यंत असा लांब आकडा एकटा सेव्हन. त्यामुळे पाळणाघरात सिक्सपर्यंत बिनबोभाट जाणारं मूल घरी सहालाच अडखळलं, तर त्याचं मराठी कच्चं आहे असा निष्कर्ष काढू नका. त्याच्या इंग्रजी मोजणीत सेव्हनवर बोट ठेवून बघा, तिथेही हीच घसरण सापडेल.

यावर ‘फक्त पाच, सहा, सात म्हण’ असा सराव घ्यायला जाऊ नका. या वयात आकड्यांची माळ मधून सुरू करता येत नाही. पाचपासून म्हण म्हटलं तरी मूल एकपासूनच सुरू करतं, कारण त्याच्यासाठी ती अजून अखंड आहे. म्हणून दर वेळी एकपासूनच जायचं आणि सहाला आल्यावर छोटी युक्ती करायची. त्याचं बोट तुमच्या उजव्या अंगठ्यावर ‘स’ म्हणत टेकलं की तुमचा अंगठा त्याच्या बोटासकट जरा वर उचला, ‘हा’ म्हणेपर्यंत वरच ठेवा आणि शब्द पूर्ण झाला की खाली आणा. वर असलेल्या बोटावरून त्याला पुढे सरकता येत नाही. बोट खाली आलं की मगच सात. असंच नऊला अनामिका आणि दहाला करंगळी. अनामिका उचलताना शेजारचं बोटही थोडं उठेल, त्याची काळजी नको. बांगडीवाल्या मुलीला हे उचललं जाणं इतकं आवडलं की ती सात आणि आठलाही ‘उचल’ म्हणायला लागली, आणि मी उचलली. मोजणी तरीही जुळली, कारण नियम एकच होता: शब्द संपेपर्यंत बोट हलायचं नाही.

एक सावधगिरी. बोटं नऊवर संपण्याचं दुसरंही कारण असू शकतं: नाचानंतर उजवा अंगठा ओलांडून सहा थेट तर्जनीवर गेला असेल. दोन्हीत शेवट सारखाच दिसतो, म्हणून युक्ती लावण्याआधी सहाच्या वेळी नीट बघा. दोन बोटांना हात लागला की एकाला लागलाच नाही?

सुरुवातीला अख्खं गाणं म्हणायचीही गरज नाही. ‘पाच बोटांचा झाला नाच’ इथे थांबून थेट ‘चहा संपला’वर गेलात तरी चालतं (चहा न पिताच संपला, हे एखाद्या चौकस मुलाने मला ऐकवलेलं आहे). डाव्या हाताची पाच बोटं सलग काही दिवस बिनचूक झाली की मग उजवा हात पाटावर आणा. तुमचा मुलगा आकडे आधीच पाठ म्हणतो, तेव्हा त्याला हा टप्पा लवकर ओलांडता येईल, पण गाळू नका.

आता तुम्ही न विचारलेलं, पण पुढच्या पत्रात विचाराल असं. गाणं बिनचूक व्हायला लागलं की तुम्ही कौतुकाने विचाराल, ‘किती बोटं झाली?’ आणि तो ‘दहा’ न म्हणता परत एकपासून मोजायला लागेल. परत विचारलंत तर परत मोजेल. हे अगदी रीतसर आहे. बोटागणिक आकडा देता येणं आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या हे समजणं, यांत बरेच महिने जातात. कॅरन विन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास मुलांपुढे खेळण्यांचा ढीग ठेवून ‘मला तीन दे’, ‘मला पाच दे’ असं मागून बघितलं होतं. त्याहून कितीतरी पुढपर्यंत मोजता येणारी मुलंसुद्धा मूठभर खेळणी उचलून देत होती. मुलांना आधी फक्त ‘एक’चा अर्थ कळतो, मग काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. त्यानंतर साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास मोजून किती ते काढता येतं, हे एकदम उमगतं आणि मोठे आकडेही मग भराभर जागेवर येतात.

तेव्हा गाण्यातून क्रम आणि ‘एक बोट, एक आकडा’ एवढं मिळेल. ‘किती’ची परीक्षा गाण्यात घेऊ नका, तिथे तुम्हीच सांगून टाका: ‘पाच! ही सगळी पाच.’ त्यासाठीच ‘पाच’ आणि ‘दहा’ हे शब्द पुढच्या ओळीत परत आले आहेत. संख्येची जाण कुठवर आली ते बघायचं असेल तर स्वयंपाकघरात बघा. ताटं वाढताना म्हणा, ‘मला दोन चमचे दे.’ दोनच आणले तर दोन कळले. पुढच्या वेळी तीन मागा. मूठभर आणले तर हसून घ्या आणि वाढायला लागा, तीन अजून यायचे आहेत. शेंगदाणे, फुटाणे, चणे मोजायला देऊ नका. या वयात ते घशात अडकण्याची भीती खरी असते. चमचे, वाट्या, बटाटे, कांदे ठीक.

दिवसातून किती वेळा म्हणायचं? त्याने ‘परत’ म्हटलं की परत, आणि पाटावरून हात काढून घेतले की बंद. काही मुलांना बोटांना कुणी हात लावलेला आवडत नाही. त्यांच्यासाठी थेट अदलाबदलीपासून सुरू करावं, हात तुमचे आणि बोट त्याचं.

पाळणाघरातल्या ताईंशी अंगठा की करंगळी यावरून बोलायला जाऊ नका. तिथलं ‘वन टू थ्री’ तिथल्या पद्धतीने चालू दे. घरी आलेल्या ‘एक, दोन, थ्री’ला हसूही नका आणि थांबवूही नका. तुम्ही शांतपणे ‘तीन’ म्हणून पुढचं बोट टेकवा. आजोबांना मात्र या गाण्यात काम द्या. त्यांचे हात पाटावर ठेवायला सांगा, त्यांची बोटं तुमच्यापेक्षा लांब असतील आणि भुरकाही मोठा असेल.